एकतीस मुलांचा अभ्यास एका पोस्टरवर: काय ठेवावे आणि काय गाळावे

प्रश्न: मी ऐरोलीतील मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. कागदी पट्ट्या आणि संख्यारेषा वापरून तीन आठवडे अपूर्णांकांची तुलना शिकवली आणि आधी व नंतर तीच १२ प्रश्नांची चाचणी घेतली. पटावर ३८ मुले आहेत, दोन्ही चाचण्या दिलेली ३१. सरासरी ६.४ वरून ८.८ झाली. सहा मुलांच्या मुलाखती आणि गणिताच्या आवडीविषयी २० विधानांची प्रश्नावलीही आहे. अहवाल ४२ पानांचा झाला आहे. परिषदेने पोस्टर स्वीकारले असून ते मराठीत चालेल असे कळवले आहे. आकार ए-झिरो, उभा. माझ्या पहिल्या मसुद्यात सगळे आहे, पण कोणी वाचेल असे वाटत नाही. काय गाळू आणि काय दाखवू? मसुदा, पाठनियोजन, मुलाखतींची टिपणे, छायाचित्रे आणि प्रश्ननिहाय गुणांची एक्सेल फाइल सोबत जोडली आहे.

उत्तर:

आपला मसुदा आणि गुणांची फाइल दोन्ही मी सावकाश पाहिली. काय गाळावे हे ठरवण्याआधी पोस्टरने नेमके कोणते एक विधान करायचे आहे, ते ठरले पाहिजे. कारण गाळण्याची कसोटी तेथूनच मिळते. जो मजकूर किंवा जी आकृती त्या विधानाची खातरजमा करायला पाहणाऱ्याला मदत करते ती राहते, आणि बाकीचे कितीही मेहनतीने केलेले असले तरी पोस्टरवरून उतरते. आपल्या मसुद्यात हे विधान ‘संख्यारेषा पद्धतीमुळे संपादनात लक्षणीय वाढ झाली’ असे आहे. माझ्या मते आपल्या माहितीतून निघणारे विधान याहून वेगळे आहे, आणि ते अधिक मोलाचे आहे.

ठाण्यात डी.एल.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या कृतिसंशोधनाला मार्गदर्शन करताना मी छोट्या अभ्यासांच्या बाबतीत एक पद्धत ठरवून घेतली आहे. सरासरीकडे पाहण्यापूर्वी चाचणीतील प्रश्नांचे गट पाडायचे, आणि मुलाने अमुक एक चुकीचा नियम काटेकोरपणे वापरला तर त्याला किती गुण मिळतील, हे हाताने काढायचे. आपल्या चाचणीत हे फार चांगले करता येते. आपल्या १२ प्रश्नांपैकी ६ प्रश्न असे आहेत की त्यांत मोठ्या आकड्यांचा अपूर्णांक प्रत्यक्षात लहान आहे: १/५ आणि १/८, किंवा २/३ आणि ३/७. त्यांना आपण येथे ‘फसवे’ म्हणू. उरलेल्या ६ प्रश्नांत मोठ्या आकड्यांचा अपूर्णांकच मोठा आहे: ३/७ आणि ५/८, किंवा २/९ आणि ५/९. त्यांना ‘सरळ’ म्हणू. ज्या मुलाला वाटते की आकडे मोठे म्हणजे अपूर्णांक मोठा, त्याचे सरळ प्रश्न सगळे बरोबर येतात आणि फसवे सगळे चुकतात, म्हणजे त्याला ६ गुण मिळतात. पूर्ण संख्यांचा अनुभव अपूर्णांकांवर लादण्याची ही सवय गणित शिक्षणाच्या संशोधनात फार पूर्वीपासून नोंदलेली आहे, आणि आपली आधीची सरासरी ६.४ आहे यामागचे कारण बहुतांशी हेच दिसते. फाइलमध्ये १९ मुलांच्या आधीच्या गुणांची ठेवण अशीच आहे: फसव्यांत शून्य किंवा एक, सरळ प्रश्नांत पाच किंवा सहा.

आता नंतरची चाचणी पाहा. समजा एखाद्या मुलाने जुना नियम सोडून ‘खालचा आकडा मोठा म्हणजे अपूर्णांक लहान’ असा नवा, उलटा नियम धरला आणि अंशाकडे पाहणेच सोडून दिले. त्याचे सहाही फसवे प्रश्न बरोबर येतील. सरळ प्रश्नांपैकी ज्या चार प्रश्नांत छेद वेगवेगळे आहेत ते चारही चुकतील, आणि ज्या दोहोंत छेद समान आहेत तेथे हा नियम लागूच होत नसल्यामुळे ते दोन बरोबर येतील. म्हणजे त्याला १२ पैकी ८ गुण मिळतील. एका चुकीच्या नियमाच्या जागी दुसरा चुकीचा नियम आला, अपूर्णांकाची समज काडीइतकीही वाढली नाही, आणि तरी गुण ६ वरून ८ झाले. आपली नंतरची सरासरी ८.८ आहे. म्हणून या अभ्यासात सरासरीतली वाढ हे समजुतीचे प्रमाण मानता येत नाही, आणि ती पोस्टरच्या मध्यभागी ठेवणे पाहणाऱ्याची दिशाभूल करणारे ठरेल.

सुदैवाने आपण प्रश्ननिहाय नोंद जपून ठेवली आहे, त्यामुळे पुढचे चित्र स्पष्ट काढता येते. फसव्या प्रश्नांची सरासरी ६ पैकी १.२ वरून ४.४ झाली, म्हणजे ३.२ ने वाढली. पण सरळ प्रश्नांची ५.२ वरून ४.४ झाली, म्हणजे ०.८ ने उतरली. एकूण वाढ २.४ दिसते ती या दोन विरुद्ध हालचालींची बेरीज आहे. ३१ पैकी ११ मुले सरळ प्रश्नांत मागे गेली, आणि त्यांतील ७ मुलांच्या नंतरच्या गुणांची ठेवण अगदी वर सांगितल्यासारखी आहे: फसव्यांत ६, सरळ प्रश्नांत २, आणि हे दोन म्हणजे समान छेदाचेच दोन. गुणांची ही ठेवण योगायोगाने सात जणांत येणे कठीण आहे. शिवाय मुलाखतींत एका मुलाने ३/७ आणि ५/८ यांची तुलना करताना ‘आठ मोठा आहे ना, म्हणून ते लहान’ असे आपल्याला सांगितले आहे. दोन्ही गटांत किमान ५ गुण मिळवणारी, म्हणजे ज्यांना खरोखर तुलना जमते असे म्हणता येईल, अशी मुले आधी २ होती आणि नंतर १३ झाली. उरलेली ११ मुले बहुतांशी जुन्याच नियमावर आहेत किंवा अधेमधे आहेत.

तर पोस्टरचे विधान असे करावे: ‘तीन आठवड्यांनंतर ३१ पैकी १३ मुले अपूर्णांकांची तुलना नीट करू लागली; ७ मुलांनी मात्र एक चुकीचा नियम सोडून दुसरा धरला, आणि एकूण गुणांत ते दिसले नाही.’ हे विधान पोस्टरच्या शीर्षकाच्या जागी मोठ्या अक्षरात यावे. सध्याचे ‘इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांक संबोधावरील संख्यारेषा पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ हे शीर्षक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी योग्य आहे, परंतु पोस्टरपुढून चालत जाणाऱ्या माणसाला त्यातून काय सापडले हे कळत नाही. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत जुनेच शीर्षक छापले गेले असेल तर ते नावांच्या ओळीच्या वर लहान अक्षरात ठेवावे, म्हणजे पोस्टर शोधणाऱ्याचा घोटाळा होणार नाही.

‘पद्धतीमुळे’ हा शब्द मात्र काढावाच लागेल. आपल्याकडे तुलनेसाठी दुसरी तुकडी नव्हती, चाचणी तीच दोनदा घेतली, आणि त्या तीन आठवड्यांत मुले घरी किंवा शिकवणीत काय शिकली याची नोंद नाही. या रचनेतून ‘नंतर’ म्हणता येते, ‘मुळे’ म्हणता येत नाही. परिषदेत येणारे अनुभवी लोक पहिला प्रश्न यावरच विचारतील, आणि मर्यादा पोस्टरवर आधीच लिहिलेली असेल तर संभाषण तेथे न अडकता आपल्या खऱ्या मुद्द्याकडे जाईल.

आता आकृतीविषयी, कारण पोस्टरचा निम्मा भाग तिलाच द्यावा असे माझे मत आहे. आपल्या मसुद्यात दोन स्तंभ आहेत, एक ६.४ उंचीचा आणि एक ८.८ उंचीचा. दोन आकडे एका वाक्यात सांगता येतात. त्यांच्यासाठी स्तंभालेख काढल्याने जागा जाते आणि ३१ मुले त्या दोन स्तंभांत दिसेनाशी होतात. अभ्यास छोटा असण्याचा एकच मोठा फायदा असतो, तो म्हणजे प्रत्येक मूल दाखवता येते. तीनशे मुलांच्या अभ्यासात ते जमत नाही. म्हणून प्रत्येक मुलासाठी एक आडवी ओळ घ्यावी, त्या ओळीवर आधीच्या गुणांसाठी पोकळ वर्तुळ आणि नंतरच्या गुणांसाठी भरीव वर्तुळ काढावे, आणि दोन्ही एका बारीक रेषेने जोडावीत. अशा ३१ ओळी एकाखाली एक, प्रत्येकीला १२ मिलिमीटर जागा दिली तर एकूण उंची सुमारे ३७ सेंटिमीटर होते. उभ्या ए-झिरोची उंची ११८.९ सेंटिमीटर असल्याने ती सहज बसते.

असे दोन पट, म्हणजे ३१ ओळींचे दोन भाग, शेजारीशेजारी ठेवावेत: डावीकडे फसवे प्रश्न, उजवीकडे सरळ प्रश्न, दोन्हींची पट्टी ० ते ६. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही पटांत मुलांचा क्रम तोच असला पाहिजे. ओळ क्रमांक ४ वरचे मूल डावीकडेही तेच आणि उजवीकडेही तेच. क्रम हजेरी क्रमांकाने लावू नये. तो तीन गटांनी लावावा: सर्वांत वर दोन्हीकडे जमणारी १३, मध्ये उलटा नियम धरलेली ७, खाली उरलेली ११, आणि गटांच्या मध्ये थोडी मोकळी जागा. मग मधल्या सात ओळींवर डावीकडची भरीव वर्तुळे उजव्या टोकाला गेलेली आणि उजवीकडची डाव्या टोकाकडे सरकलेली दिसतील. पोस्टरचे सगळे म्हणणे त्या सात ओळींत आहे. त्यांच्यामागे फिकट पिवळी पट्टी द्यावी आणि शेजारी दोन ओळींत अर्थ लिहावा. दुसरा कोणताही रंग आकृतीत नको. हिरवा म्हणजे वाढ आणि तांबडा म्हणजे घट ही आपल्या मसुद्यातली योजना ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरते. पोकळ आणि भरीव हा फरक सर्वांना दिसतो.

काही मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण सारखेच असल्यामुळे दोन वर्तुळे एकमेकांवर येतील. तेथे मोठ्या पोकळ वर्तुळात लहान भरीव वर्तुळ काढावे, म्हणजे बदल झाला नाही हे कळते. एक्सेलमध्ये ही आकृती विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखातून काढता येते: आडव्या अक्षावर गुण, उभ्या अक्षावर १ ते ३१ हा ओळ क्रमांक, आधी आणि नंतर अशा दोन मालिका. जोडणाऱ्या रेषा काढणे अवघड वाटले तर सरळ पॉवरपॉइंटमध्ये हाताने काढाव्यात; एका पटात जास्तीत जास्त एकतीस रेषा हे एका संध्याकाळचे काम आहे.

आकृतीत टक्केवारी वापरू नये. ३१ मुलांत एक मूल म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त, त्यामुळे ‘४१.९ टक्के’ असे लिहिल्याने जी अचूकता भासते ती माहितीत नाही. ‘३१ पैकी १३’ असेच लिहावे. टी-चाचणीचा तक्ता, स्वाधीनता मात्रा आणि सार्थकता पातळी हे सगळे पोस्टरवरून काढावे. ती चाचणी एकूण सरासरीतला फरक योगायोगाचा असेल का, एवढेच तपासते, आणि एकूण सरासरीच येथे भुलवणारी आहे हे तर आपण दाखवणार आहोत. कोणी विचारले तर आकडा सोबतच्या पत्रकात असू द्यावा.

दुसरी दाखवण्याजोगी वस्तू म्हणजे मुलांच्या हातचे लेखन. आपण जोडलेल्या छायाचित्रांपैकी ज्या मुलाने २/३ आणि ३/७ साठी बरोबर उत्तर देऊन खाली कारण लिहिले आहे आणि ३/७ आणि ५/८ साठी तेच कारण देऊन चुकीचे उत्तर दिले आहे, ते एकच पान घ्यावे. एकाच मुलाची ही दोन उत्तरे शेजारी आली की उलटा नियम म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चार-पाच पानांची चिकटवही करण्याचा मोह आवरावा, कारण पाहणारा कोणते पान कशासाठी लावले आहे हे शोधत बसतो. हे पान मोबाइलवर काढून व्हॉट्सअॅपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवू नये; तसे पाठवताना ते आकुंचन पावते आणि मोठे छापल्यावर अक्षरे फुटतात. ते ३०० डीपीआयवर स्कॅन करावे, म्हणजे दुप्पट आकारात छापले तरी १५० डीपीआय उरते आणि हस्ताक्षर स्वच्छ दिसते. मुलाचे नाव, हजेरी क्रमांक आणि वहीवरचा शाळेचा शिक्का झाकावा, आणि पालकांची लेखी संमती मुलाचे काम परिषदेत दाखवण्यासाठी घेतलेली आहे का ते तपासावे. वर्गातील छायाचित्रांत मुलांचे चेहरे आहेत. ती सगळी काढावीत. पट्ट्या दुमडणाऱ्या हातांचे एक छायाचित्र पुरेसे आहे.

आता जे गाळायचे त्याविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वरचा परिच्छेद काढावा; त्या परिषदेतल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे आणि आपल्या विधानाला त्याचा आधार लागत नाही. निपुण भारतचा उल्लेख तर चुकीच्या ठिकाणी आहे, कारण २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्या अभियानाचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरपर्यंत पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हे आहे, आणि आपली मुले पाचवीतली आहेत. संबंधित साहित्याचा आढावा दोन वाक्यांत यावा: पूर्ण संख्यांची सवय अपूर्णांकांच्या तुलनेत आड येते हे माहीत आहे, ती सवय मोडताना दुसरा चुकीचा नियम रुजतो का, हे येथे पाहिले आहे. उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, व्याप्ती यांची वेगवेगळी यादी अहवालात राहू द्यावी. मुलगे आणि मुली यांचा स्वतंत्र तक्ता काढावा; इतक्या लहान गटात दोन-तीन मुलांच्या गुणांनी तो फरक उलटा होऊ शकतो, आणि आपला प्रश्न तो नव्हताच.

आवडीच्या प्रश्नावलीबाबत आपल्याला वाईट वाटेल, कारण २० विधाने तयार करून भरून घ्यायला आणि मोजायला बरेच कष्ट पडले असणार. तरीही ती पूर्णपणे काढावी असे माझे स्पष्ट मत आहे. ती आपणच वर्गात भरून घेतली आहे, आणि ‘मला अपूर्णांक आवडतात’ या विधानापुढे मुले बाईंच्या समोर काय लिहितील हे सांगता येते. शिवाय तिचा निष्कर्ष खरा असला तरी तो वेगळ्या पोस्टरचा विषय आहे. अर्धे ठेवू, दोनच ओळी ठेवू, अशी तडजोड केली की त्या दोन ओळींवरच प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे द्यायला पोस्टरवर काहीच नसते.

गाळताना एक गोष्ट मात्र चुकूनही जाऊ नये, ती म्हणजे अध्यापनाचे वर्णन. मसुद्यात ते ‘कृतियुक्त पद्धतीने अध्यापन केले’ एवढ्या एका ओळीत आहे, आणि साहित्याच्या आढाव्याला एक पूर्ण स्तंभ आहे. हे प्रमाण उलटे करावे. आपल्या पाठनियोजनात पहिल्या आठवड्यात सारख्या लांबीच्या पट्ट्या दुमडून १/२, १/३, १/४ असे भाग केले आहेत, दुसऱ्या आठवड्यात त्याच पट्ट्या ० ते १ च्या संख्यारेषेवर ठेवून खुणा केल्या आहेत, आणि तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या बाजूला ठेवून फक्त रेषेवर तुलना केली आहे. हे तीन टप्पे तीन छोट्या रेखाचित्रांनी दाखवावेत. आणि पहिल्या आठवड्याच्या चौथ्या तासाला फळ्यावर लिहिलेले ‘छेद मोठा तर तुकडा लहान’ हे वाक्य त्या टप्प्याखाली जसेच्या तसे द्यावे.

हे वाक्य देण्याचा आग्रह मी धरतो याचे कारण सांगतो. ते वाक्य खरे आहे, पण ते एका तुकड्याविषयी आहे. अंश समान असतील तेव्हाच त्यावरून अपूर्णांकांची तुलना करता येते. ५/८ मध्ये तुकडे लहान आहेत, पण ते पाच आहेत. ज्या मुलांनी एवढे वाक्य लक्षात ठेवले आणि तुकडे किती आहेत हे मोजणे सोडले, त्यांच्याकडे तोच उलटा नियम तयार झाला असण्याची शक्यता आहे. ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि पोस्टरवर ती ‘संभाव्य कारण’ म्हणूनच लिहावी. पण तिला आधार आहे. आपण मुलाखत घेतलेल्या सहांपैकी दोघांनी कारण देताना जवळजवळ हेच वाक्य उच्चारले आहे. परिषदेला येणाऱ्या शिक्षकांना आपल्या पोस्टरवरून वर्गात नेता येईल अशी गोष्ट हीच आहे: वर्गात बोललेले कोणते वाक्य मुले नियम म्हणून उचलतात, आणि ते पकडायला चाचणीत कोणते प्रश्न असावे लागतात. आपल्या चाचणीत सरळ प्रश्न नसते, सगळेच प्रश्न फसवे असते, तर त्या सात मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मर्यादांसाठी एक चौकट ठेवावी आणि तिच्यात तीनच गोष्टी लिहाव्यात. तुलनेची तुकडी नव्हती. उलटा नियम ओळखण्याचा आधार वेगवेगळ्या छेदांचे चारच सरळ प्रश्न आहेत. आणि ३८ पैकी ७ मुले एका चाचणीला गैरहजर होती. या तिसऱ्या गोष्टीविषयी आणखी थोडे काम करावे. त्या सातांपैकी ज्यांनी आधीची चाचणी दिली होती, त्यांचे गुण काढून बघावेत. ते उरलेल्यांसारखेच असतील तर तसे एका वाक्यात लिहावे. ती मुले आधीच मागे असतील, तर १३ हा आकडा वर्गाचे चित्र थोडे उजळ दाखवतो, हेही लिहावे. गैरहजर मुलांचा उल्लेख गाळून नुसते ‘नमुना ३१’ लिहिणे ही छोट्या अभ्यासांत फार आढळणारी गोष्ट आहे, आणि जाणकार वाचक पटसंख्या विचारून ती लगेच ओळखतो.

मांडणीला फारसा वेळ घालवू नये. वरच्या पंधरा-सोळा सेंटिमीटर पट्टीत विधान, त्याखाली नावे आणि शाळा. मग डावीकडे अरुंद स्तंभात प्रश्न, मुले आणि अध्यापनाचे तीन टप्पे. मध्ये आणि उजवीकडे रुंद जागेत दोन पटांची आकृती. तिच्याखाली मुलाचे पान, संभाव्य कारण आणि मर्यादांची चौकट. आकृतीतले शब्द सोडून एकूण मजकूर ३५० शब्दांच्या आसपास राहावा. बोधचिन्हे एका कोपऱ्यात, लहान. पार्श्वभूमीला फळ्याचे किंवा पेन्सिलींचे चित्र नको. पांढरा कागद आणि काळी अक्षरे हेच वाचायला सर्वांत सोपे.

अक्षरांचा आकार मात्र जपून ठरवावा. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि उकार शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली जातात, त्यामुळे तितक्याच पॉइंटच्या रोमन अक्षरांपेक्षा आपल्या अक्षराचा मुख्य भाग लहान दिसतो आणि ओळी एकमेकींत अडकतात. मजकूर ३२ पॉइंटपेक्षा लहान नको, ओळींतले अंतर १.३ पट, उपशीर्षके ४८ च्या पुढे, आणि वरचे विधान ९० च्या आसपास ठेवावे. हे जमले की नाही हे पाहायला घरच्या प्रिंटरवर पूर्ण पोस्टर एका ए-फोर पानावर छापावे. ए-फोरची लांबी आणि रुंदी ए-झिरोच्या बरोबर एक चतुर्थांश असते, त्यामुळे ते पान डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरले की मूळ पोस्टर १६० सेंटिमीटरवरून जसे दिसेल तसेच दिसते. तेथे जे वाचता येत नाही ते परिषदेतही वाचले जाणार नाही. ते पान या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकारी शिक्षकाच्या हातात अर्धा मिनिट द्यावे, परत घ्यावे, आणि काय सापडले ते सांगायला लावावे. ‘संख्यारेषेने गुण वाढले’ असे उत्तर आले, तर विधान किंवा आकृती अजून नीट झालेली नाही. ‘काही मुलांनी उलटाच नियम धरला’ असे आले, तर छपाईला हरकत नाही.

छपाईबाबत एक धोका मराठी पोस्टरला विशेषकरून असतो. ठाणे स्टेशनजवळच्या किंवा वाशीतल्या फ्लेक्सच्या दुकानात फाइल बहुधा कोरलड्रॉमध्ये उघडली जाते, आणि आपण युनिकोड फॉन्टमध्ये लिहिलेल्या मजकुराची जोडाक्षरे तेथे तुटू शकतात: ‘अपूर्णांक’ मधला रफार भलत्याच अक्षरावर जातो, ‘प्रश्न’ मध्ये हलंत दिसू लागतो. म्हणून पॉवरपॉइंटची फाइल दुकानात देऊ नये. पानाचा आकार पहिल्यापासून ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर ठेवून फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ तयार करावी, ती पेनड्राइव्हवर न्यावी, आणि दुकानाच्या संगणकावर छपाईपूर्वी ‘अपूर्णांक’, ‘प्रश्न’, ‘संख्यारेषा’ हे तीन शब्द आणि आकृतीतली सगळी वर्तुळे स्वतः मोठी करून पाहावीत. फ्लेक्सऐवजी जाड मॅट कागद मागावा. चकचकीत फ्लेक्सवर सभागृहातले दिवे चमकतात आणि बारीक रेषा पसरतात. बारीक रेषा हाच तर आपल्या आकृतीचा कणा आहे. कागद महाग पडतो आणि लोकलमधून नेताना नळी लागते, पण येथे तो खर्च योग्य आहे.

पोस्टरवरून उतरवलेले सगळे फेकायचे नाही. दोन्ही बाजूंनी छापलेले एक ए-फोर पत्रक करावे: एका बाजूला बाराही प्रश्न, कोणता फसवा आणि कोणता सरळ हे लिहून, दुसऱ्या बाजूला प्रश्ननिहाय किती मुलांचे बरोबर आले तो तक्ता आणि टी-चाचणीचा निकाल. माझ्या अनुभवात शिक्षक पोस्टरचे छायाचित्र काढतात, पण वर्गात वापरण्यासाठी चाचणी मागतात. प्रत्येक प्रश्नापुढे ‘मोठे आकडे म्हणजे मोठा अपूर्णांक’ या नियमाने काय उत्तर येईल आणि उलट्या नियमाने काय येईल, असे दोन रकाने द्यावेत, म्हणजे ज्याला हवे त्याला आपल्या वर्गातल्या मुलांच्या गुणांची ठेवण त्याच दिवशी तपासून पाहता येईल. पुढच्या वेळी ही चाचणी घ्याल तेव्हा वेगवेगळ्या छेदांचे सरळ प्रश्न चारवरून आठ करावेत, आणि फसव्या प्रश्नांची संख्याही तितकीच ठेवावी.